मशीन अडलं, गिऱ्हाईक उभं

दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये दुकानदाराच्या हाती येतो तो जेमतेम एक मिनिट. तेवढ्यात गेलेलं नेट दुरुस्त होत नाही. ते कुठे अडलंय हे मात्र ओळखता येतं, आणि तेवढं ओळखलं तरी पुढच्या माणसाकडून पैसे कोणत्या वाटेने घ्यायचे हे ठरवता येतं. छोट्या दुकानांना बिलिंगची आणि पेमेंटची यंत्रं बसवून देणं हे माझं काम आहे. तक्रारीचा फोन येतो तो बहुधा संध्याकाळी, ऐन गर्दीत. तोवर दुकानदाराने मशीन दोन-तीनदा बंद-चालू केलेलं असतं, राउटरची वायर उपसून पुन्हा लावलेली असते, आणि मघाशी अडकलेल्या आठशे रुपयांचं काय झालं हे कुणालाच सांगता येत नसतं. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी पैसे, मग नेट.

त्यासाठी गल्ल्यावरच्या वस्तू एकदा नीट बघून घेऊ, कारण त्या सगळ्या एकाच नेटवर चालत नाहीत. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर हा नुसता कागद आहे. त्याला नेट लागत नाही, वीज लागत नाही. त्यावर गिऱ्हाईक पैसे भरतं ते स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर, आणि ते पैसे त्याच्या बँकेतून एनपीसीआयच्या यूपीआय यंत्रणेमार्फत तुमच्या बँकेत जातात. त्या वाटेत तुमचं दुकान येतच नाही. साउंडबॉक्स फक्त पैसे आल्याची वर्दी देतो, तीही त्याच्या पोटातल्या सिमकार्डावर. कार्ड मशीनला मात्र प्रत्येक व्यवहाराला स्वतःचं नेट लागतं, सिमचं किंवा वायफायचं. बिलिंगचा टॅब बहुधा दुकानाच्या वायफायवर असतो, आणि बिल छापणारा छोटा प्रिंटर ब्लूटूथवर, म्हणजे नेटशी त्याचा काही संबंध नसतो.

हे एवढं लक्षात असलं की एक नुकसान लगेच टळतं. "नेट नाहीये, स्कॅन करू नका," असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारे दुकानदार मी नेहमी पाहतो. साउंडबॉक्स बोलत नाही म्हणून ते तसं म्हणतात. पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलला रेंज असेल तर कागदी क्यूआरवर पैसे येऊ शकतात. प्रश्न उरतो तो ते आल्याची खात्री कशी करायची एवढाच. टॅबच्या किंवा मशीनच्या पडद्यावर दर बिलाला नवा उमटणारा क्यूआर असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो तयार करायलाच तुमचं नेट लागतं. म्हणून पडद्यावरचा क्यूआर वापरत असलात तरी एक कागदी क्यूआर काउंटरवर कायम असू द्या.

मागचे पैसे कुठे आहेत?

साउंडबॉक्स गप्प आहे आणि गिऱ्हाईक मोबाइलवरची हिरवी खूण दाखवतंय. ती खूण पुरावा म्हणून धरू नका. हुबेहूब तशी खूण आणि आवाज काढणारी खोटी ॲप आहेत, आणि कालचा स्क्रीनशॉट आज दाखवायला तर ॲपही लागत नाही. समोरच्या माणसावर संशय न घेता म्हणता येतं, "साहेब, आमचा बॉक्स बंद आहे, एक क्षण बघून घेतो." मग आपल्या मोबाइलवर व्यापारी ॲप उघडायचं आणि व्यवहारांच्या यादीत सगळ्यात वरची नोंद बघायची. रक्कम आणि वेळ जुळली तर काम झालं. एकाच रकमेच्या दोन नोंदी जवळजवळ असतील, म्हणजे दुधाच्या पिशव्या घेणारी दोन माणसं लागोपाठ येऊन गेली असतील, तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक बघून त्यातले शेवटचे चार आकडे आपल्या नोंदीशी जुळवा. बँकेचा एसएमएस हाही आधार आहे आणि तो डेटा बंद असताना येतो, पण काही बँका लहान रकमांचे एसएमएस पाठवत नाहीत. त्यामुळे एसएमएस आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं समजू नये.

यासाठी गल्ल्यावरच्या निदान एका मोबाइलचं सिम साउंडबॉक्स आणि कार्ड मशीन यांच्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं हवं. कित्येक दुकानांत सगळी सिमं एकाच कंपनीची असतात. मग त्या कंपनीचा टॉवर बसला की पैसे घेणारं मशीन आणि पैसे तपासणारा मोबाइल दोन्ही एकदम आंधळे होतात.

कार्डाचं प्रकरण जरा नाजूक आहे. कार्ड घातल्यावर किंवा टेकवल्यावर मशीन बँकेकडे विचारणा पाठवतं आणि उत्तराची वाट पाहतं. विचारणा बाहेर पडायच्या आधीच नेट गेलं तर काहीच घडत नाही. पैसे जागच्या जागी राहतात. विचारणा पोचली, गिऱ्हाइकाच्या बँकेने खात्यातून पैसे वळते केले, आणि होकार परत येताना नेट गेलं, की घोटाळा होतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा एसएमएस, आणि मशीनमधून पावती नाही. अशा वेळी मशीनने तो व्यवहार उलटा फिरवायचा निरोप बँकेला द्यायचा असतो, आणि जोडणी परत आली की तो जातो. म्हणून पडद्यावर चक्र फिरत असताना बटण दाबून मशीन बंद करू नका. चक्र थांबेपर्यंत, म्हणजे वेळ संपल्याचा संदेश येईपर्यंत थांबा. तो येतोच.

तो संदेश आला की दुसऱ्यांदा कार्ड घालण्याआधी मशीनच्या मेनूत व्यवहारांचा इतिहास किंवा शेवटचा व्यवहार बघा. तिथे तो व्यवहार यशस्वी दिसत असेल तर फक्त पावती छापायची राहिली होती. तिची दुसरी प्रत काढा आणि विषय संपवा. तिथे तो नसेल, तर गिऱ्हाइकाला त्याचा एसएमएस बघायला सांगा. तोही आलेला नसेल तरच पुन्हा प्रयत्न करा. पाच हजार रुपयांपर्यंतचं पेमेंट कार्ड नुसतं टेकवून, पिन न घालता होऊ शकतं. त्यामुळे घाईत "परत एकदा टेकवा" म्हटलं की दोनदा पैसे जायला काही सेकंद पुरतात.

एसएमएस आलाय पण मशीनमध्ये व्यवहार नाही, अशी गाठ पडली तर नियम दोघांनाही माहीत असावा. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात अशा अडकलेल्या व्यवहारांची मुदत ठरवून दिली आहे. दुकानातल्या कार्ड मशीनवर पैसे कापले गेले आणि दुकानाला होकार मिळाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते पैसे आपोआप परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. दुकानात यूपीआयने दिलेल्या पैशांनाही हीच पाच दिवसांची मुदत आहे.

नियम स्पष्ट असला तरी समोरच्या माणसाचे पैसे आत्ता अडकलेले असतात, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. मी दुकानदारांना असं सांगतो: माणूस ओळखीचा असेल तर माल देऊन टाका आणि वहीत लिहून ठेवा. पैसे त्याच्या खात्यात परत आले तर तो देईल. ओळखीचा नसेल तर रोख किंवा यूपीआयने पैसे घ्या, पण बिलाच्या मागे तारीख, वेळ, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि "मशीनवर व्यवहार अपूर्ण, पावती निघाली नाही" असं लिहून सही-शिक्का करून द्या. त्या दोन ओळींच्या कागदाने गिऱ्हाइकाला बँकेत तक्रार करणं सोपं जातं, आणि तुमच्याबद्दलचा त्याचा विश्वासही टिकतो.

नेट गेलंय की आणखी काही?

कार्ड नाकारलं गेलं की "मशीनला नेट नाही" असं म्हणायची सवय लागली आहे. पण मशीनने पिन चुकीचा आहे, खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असं काही सांगितलं असेल, तर ते उत्तर बँकेकडून आलेलं आहे. म्हणजे नेट व्यवस्थित आहे. काही मशीनवर शब्दांऐवजी आकडे येतात: 51 म्हणजे शिल्लक अपुरी, 55 म्हणजे पिन चुकला, 91 म्हणजे गिऱ्हाइकाची बँक उत्तर देत नाही. 91 आला तर वायफायशी खटपट करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बँकेचं कार्ड मागा. नेट खरोखर नसतं तेव्हा मशीन जोडणी होत नाही किंवा वेळ संपली असं म्हणतं, आणि तेही बऱ्याच वेळाने.

आता मिनिटभराची खरी तपासणी. ती करायला कोणत्याही यंत्रावर बोट ठेवावं लागत नाही. काय काय बंद पडलंय एवढंच बघायचं. फक्त कार्ड मशीन अडलं आहे, टॅब आणि मोबाइल चालू आहेत, तर दोष मशीनमध्ये किंवा त्याच्या सिममध्ये. टॅब, सीसीटीव्ही आणि वायफायवरचं जे जे आहे ते सगळं एकदम गेलं, पण सिमवरचा साउंडबॉक्स बोलतोय, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. सगळी यंत्रं नेटवर आहेत, मोबाइलवर बातम्या उघडताहेत, आणि तरी एकापाठोपाठ एक यूपीआय व्यवहार लटकताहेत, तर खोळंबा तुमच्या दुकानात नाही. 26 मार्च 2025 ला आणि पुन्हा 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय अडखळलं होतं. त्या दिवशी राउटर बंद-चालू करत बसलेल्यांचा वेळ फुकट गेला. शेजारच्या दुकानात एक हाक मारून विचारलं असतं तर दहा सेकंदांत उलगडा झाला असता.

वायफायवर संशय असेल तर आपला मोबाइल दुकानाच्या वायफायवर घ्या आणि त्याचा मोबाइल डेटा बंद करा. हे दुसरं काम न विसरता करायचं, कारण वायफायला नेट नसलं की मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि "माझ्या मोबाइलवर तर चालतंय" असा खोटा निर्वाळा मिळतो. मग असं काही उघडा जे आज उघडलेलं नाही. सकाळी पाहिलेलं पान मोबाइलच्या साठवणीतूनही उघडू शकतं.

नवं पान उघडत नसेल तर फायबरच्या डब्याकडे नजर टाका. त्यावर एलओएस असं इंग्रजीत लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही: कुठेतरी केबल तुटली आहे, किंवा दुकानातच पोत्याखाली, शटरच्या कडेला दुमडली आहे. फायबरची केबल आत काचेची असते. ती काटकोनात वाकली की संपलं. डोळ्यांना दिसेल तेवढी केबल मोकळी करा. दिवा तरीही लाल असेल तर डबा कितीदाही बंद-चालू करून उपयोग नाही. केबलवाल्याला फोन करून "एलओएस लाल आहे" एवढं सांगितलं की त्याला बाकी काही विचारावं लागत नाही.

एलओएस शांत आहे, बाकीचे दिवे नेहमीसारखे आहेत, तरी नेट नाही, असं असेल तर आधी ब्रॉडबँडचं रिचार्ज संपलंय का ते बघा. रिचार्ज शिल्लक असेल तरच डबा बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा. तो पुरता उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. म्हणून गर्दी असेल तर आधी टॅब आणि मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, विक्री चालू करा, आणि मग डब्याला हात लावा. डब्याच्या मागे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातलं बटण कधीही दाबू नका. त्याने कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते, आणि पाच मिनिटांच्या अडचणीचा दिवसभराचा खोळंबा होतो.

एकच यंत्र अडलेलं असेल तर सगळ्यात जलद उपाय म्हणजे विमानाचं चिन्ह दाबून दहा सेकंद थांबणं आणि ते पुन्हा काढणं. यंत्र टॉवरशी आणि वायफायशी नव्याने जोडणी करतं, आणि पूर्ण बंद-चालू करण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. एवढ्याने भागलं नाही तर यंत्र कोणत्या वायफायला जोडलंय त्याचं नाव वाचा. कधीकाळी जोडलेल्या शेजारच्या वायफायला ते चिकटलेलं सापडतं. आणि तारीख-वेळ बघा. हे ऐकून दुकानदार चकित होतात, पण टॅबची बॅटरी पूर्ण उतरून घड्याळ मागे गेलं की पेमेंटची आणि बिलिंगची ॲप जोडणीच नाकारतात, कारण समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत त्यांना पडताळता येत नाही. वायफायची खूण भरलेली दिसते, बाकी सगळं उघडतं किंवा अर्धवट उघडतं, आणि कारण सापडत नाही. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू ठेवली की हा प्रश्न राहत नाही.

कार्ड मशीनचं सिम गर्दीत काढून बघू नका, आणि मशीनचे स्क्रू तर कधीच सैल करू नका. उघडायचा प्रयत्न झालाय असं वाटलं की मशीन आपल्या आतल्या गुप्त किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं. कार्डाच्या सुरक्षेसाठी ते तसंच बनवलेलं असतं. त्यानंतर ते कंपनीकडे पाठवण्याखेरीज इलाज नसतो.

टॅब: बिल चालू ठेवा, ॲपला हात लावू नका

चांगली बिलिंग ॲप नेट नसतानाही बिल करतात. बिलं टॅबमध्येच साठतात आणि नेट आलं की वर जातात. तुमचं ॲप असं करतं की नाही हे एखाद्या निवांत दुपारी वायफाय बंद करून, एक खोटं बिल करून बघून ठेवा. करत असेल तर नेट गेल्यावर टॅबच्या बाबतीत काहीही करायची गरज नाही. बिल करत राहा. प्रिंटर ब्लूटूथवर आहे, तो छापत राहील.

इथेच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट घडते. ॲप "अडकलंय" असं वाटून कुणीतरी हुशार पोरगा त्यातून लॉग आउट करतो, किंवा ॲपचा डेटा पुसतो, किंवा ॲप काढून नव्याने टाकतो. वर न गेलेली दिवसाची बिलं त्याबरोबर जातात आणि ती परत मिळत नाहीत. दुकानात जितकी माणसं टॅबला हात लावतात तितक्यांना हे स्पष्ट सांगून ठेवा: नेट नसताना लॉग आउट नाही, डेटा पुसणं नाही, ॲप काढणं नाही. बहुतेक ॲपमध्ये किती बिलं वर जायची राहिली आहेत तो आकडा कुठेतरी दिसतो. रात्री दुकान बंद करताना तो शून्य झाला का ते बघायचं.

टॅब पुरता बसला तर बिलबुक काढावं लागतं. जीएसटीच्या नियमांत बिलांचे क्रमांक एका मालिकेत किंवा अनेक मालिकांत ठेवायची मुभा आहे, फक्त आर्थिक वर्षात कोणताही क्रमांक दोनदा येता कामा नये. म्हणून हातबिलांना वेगळ्या अक्षराने सुरू होणारी स्वतंत्र मालिका ठेवा. टॅबचा पुढचा क्रमांक हाताने लिहिला, की टॅब उठल्यावर तोच क्रमांक दुसऱ्या बिलाला देतो.

बाजारच्या दिवशीचं दुकान

एका तालुक्याच्या गावातलं फरसाणाचं दुकान. मालकांची तक्रार अशी, की कार्ड मशीन आठवड्यातून एकदा हमखास दगा देतं. मशीन देणाऱ्या कंपनीने ते बदलून दिलं, सिमही बदललं, पण दगा द्यायचं थांबलं नाही. मी विचारलं, कोणत्या दिवशी? गुरुवारी. गुरुवार हा गावच्या आठवडी बाजाराचा दिवस. किती वाजता? साडेअकरापासून चार-साडेचारपर्यंत, म्हणजे बाजार भरलेला असेतो.

गुरुवारी दुपारी जाऊन पाहिलं तर मशीनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. मालक तेच दाखवत होते: "रेंज फुल आहे, तरी चालत नाही." पण काड्या फक्त टॉवरचा आवाज किती जोरात ऐकू येतोय हे सांगतात. त्या टॉवरवर आत्ता किती मोबाइल लटकलेत हे त्यांतून कळत नाही. बाजारात आसपासच्या गावांतून आलेली माणसं, त्यांचे मोबाइल, भाजीवाल्यांचे साउंडबॉक्स, सगळे त्याच टॉवरवर होते. मालकांच्या मोबाइलचं सिमही त्याच कंपनीचं. त्यावरून फोन लागत होता, पण एक साधं पान उघडायला मिनिटाच्या वर वेळ गेला. त्यांच्या भावाच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम होतं. त्याचा हॉटस्पॉट चालू करून मशीन त्यावर घेतलं आणि पुढच्याच गिऱ्हाइकाची पावती काही सेकंदांत बाहेर आली. मशीन निर्दोष होतं. नवं सिमही त्याच कंपनीचं आणल्यामुळे आजार कायम राहिला होता.

पुढे असं दिसलं, की दुकानात फायबरचं ब्रॉडबँड आधीपासून होतं, टॅब त्यावर उत्तम चालत होता, पण मशीन वायफायवर कधी टाकलंच नव्हतं. टाकून पाहिलं तेव्हा काउंटरच्या त्या कोपऱ्यात जोडणी येत-जात राहिली. राउटर डीप फ्रीझरच्या मागे, जमिनीलगत ठेवलेला. फ्रीझरचं पत्र्याचं अंग आणि पुढे स्टीलच्या बरण्यांची मांडणी, एवढ्यातून वायफाय काउंटरपर्यंत पोचताना मरत होतं. राउटर उचलून डोक्याच्या वर उघड्या भिंतीवर लावला. राउटर दोन पट्ट्यांवर चालणारा होता. मशीनला 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी दिली, कारण ती 5 गिगाहर्ट्झपेक्षा अडथळ्यांपलीकडे जास्त दूर पोचते, आणि पेमेंटला वेग फारसा लागतच नाही. सिम मशीनमध्ये राहू दिलं, वायफाय गेलं तर आधाराला.

दोन गुरुवार ठीक गेले, मग तक्रार आली की लाइट गेली की सगळं बसतं. ते ओघानेच आलं: मशीन आणि टॅब बॅटरीवर चालू राहतात, राउटर मात्र लगेच मरतो. राउटरच्या अडॅप्टरवर बारा व्होल्ट लिहिलेलं होतं, तेवढ्याच व्होल्टचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस बसवला. हा घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, आणि अँपिअर अडॅप्टरवर लिहिलेत तितके किंवा जास्त चालतात. काही दुकानांत फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतात. तिथे दोघांनाही यूपीएसवर घ्यावं लागतं. एकट्या राउटरला वीज दिली तर वायफायची खूण दिसत राहते आणि नेट नसतं.

याच दुकानात आणखी एक गोष्ट बदलली. ज्या गिऱ्हाइकाचा डेटा चालत नसे त्याला मालक भलेपणाने वायफायचा पासवर्ड सांगत. ती माणसं पुढच्या वेळी दुकानासमोरून गेली तरी त्यांचे मोबाइल आपोआप जोडले जात, आणि बाजारच्या दिवशी त्या लहान राउटरवर गर्दी होई. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करायची सोय होती. तिचा पासवर्ड आता काउंटरवर लिहून लावला आहे आणि टॅब-मशीनचा पासवर्ड बदलला आहे. माझ्या मते हे प्रत्येक दुकानाने करावं. बिलिंगच्या जाळ्यावर अनोळखी मोबाइल असू नयेत, हे सुरक्षेच्या दृष्टीनेही गरजेचं आहे.

आधीच करून ठेवायचं

हॉटस्पॉट ही अडचणीतली खरी दुसरी वाट आहे, पण ती गर्दीत पहिल्यांदा उघडायला गेलात तर पासवर्ड टाइप करण्यातच गिऱ्हाईक निघून जातं. निवांत वेळी वेगळ्या कंपनीच्या सिमचा एक मोबाइल ठरवा, त्याच्या हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड कायमचा ठेवा, आणि टॅब व मशीन एकदा त्याला जोडून घ्या. पुढे हॉटस्पॉट चालू केला की ती आपणहून जोडली जातात, किंवा यादीतल्या नावावर एकदा बोट ठेवलं की होतं. दोन बारकावे: हॉटस्पॉटची पट्टी 2.4 गिगाहर्ट्झ ठेवा, कारण जुनी मशीनं 5 ची पट्टी ओळखतच नाहीत. आणि काही वेळ कुणी जोडलेलं नसलं तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची जी सेटिंग असते, ती काढून टाका.

गल्ल्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर ब्रॉडबँडचा ग्राहक क्रमांक, केबलवाल्याचा नंबर, कार्ड मशीनच्या कंपनीचा मदत क्रमांक आणि मशीनचा टर्मिनल क्रमांक. हा शेवटचा प्रत्येक पावतीवर टीआयडी म्हणून छापलेला असतो, आणि फोन केल्यावर पहिल्यांदा तोच विचारतात.

रात्री हिशेब करताना मशीनवरची दिवसाची बेरीज, व्यापारी ॲपमधली यूपीआयची बेरीज आणि टॅबवरची बिलं समोरासमोर ठेवा. नेट आलं-गेलं त्या दिवशी फरक निघतोच. बिल आहे पण पैसे दिसत नाहीत, किंवा पैसे आहेत पण बिल नाही, अशा नोंदी त्याच रात्री वेगळ्या लिहा, कारण दोन दिवसांनी कोणाची बिस्किटं आणि कोणाचा चिवडा हे आठवत नाही. अडकलेल्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवला असेल तर बँकेला तो एका फटक्यात सापडतो. पाच दिवस उलटूनही गिऱ्हाइकाचे पैसे परत आले नाहीत, तर त्याला त्याच्या बँकेत लेखी तक्रार करायला सांगा आणि तुम्ही दिलेला तो सही-शिक्क्याचा कागद जोडायला सांगा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही.